नव्या इमारतींतील किरकोळ दुरुस्तीची सेवा : पुन्हा पुन्हा येणारे काम कसे मिळवावे?

आमच्या वाढत्या उपनगरात पडद्यांचे दांडे किंवा मच्छरजाळ्या बसवायला कारागीर वेळेवर मिळत नाही, म्हणून एका मदतनीसासह ही सेवा सुरू करण्याचा माझा विचार आहे. मात्र ही कामे घरटी एकदाच निघतात आणि इमारत भरली की आटतात. विकलेल्या सदनिकांच्या संख्येवरून केलेला अंदाजही फसवा ठरतो, कारण गुंतवणुकीसाठी घेतलेल्या सदनिका बंदच असतात. त्यामुळे मी रात्री दिवे लागलेल्या खिडक्या पाहून खरी वस्ती जोखली.

रहिवाशांशी बोलताना एक तक्रार वारंवार ऐकू आली : टँकरच्या जड पाण्यामुळे नळाच्या तोंडाची जाळी चोंदते, शॉवरची छिद्रे बुजतात आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढून पाणी तापायला वेळ लागतो. क्षार काढले तरी ते पुन्हा साचतात, म्हणून टिकाऊ काम हेच असावे, असे मला वाटते. बांधकामातील दोष आणि हमीच्या मुदतीतील गीझर मी हाती घेणार नाही. समितीने प्रवेशाची परवानगी दिली आहे. दुकान घेण्याइतके भांडवल मात्र नाही.

अशी सेवा चालवणाऱ्यांनी कृपया सांगावे : क्षार काढण्याचा वार्षिक करार बसवणीच्या पहिल्या भेटीतच सुचवावा, की त्रास जाणवू लागेपर्यंत थांबावे, आणि वर्षातून किती भेटी ठरवाव्यात?