मदत हवी आहे: ‘पाजी’ मराठीत कसं लिहू?

नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातला संवाद कथेत घेतेय. दुकानदार सरदारजी, अस्सल मराठी बोलणारे. गिऱ्हाईक म्हणतं, “पाजी, क्लचची वायर द्या ना, जरा लवकर.” ते म्हणतात, “देतो जी, बसा दोन मिनिटं.”

अडलंय ते ‘पाजी’पाशी. पंजाबीत हा शब्द ‘भाजी’ असा लिहितात, म्हणजे भाऊ अधिक जी. पण तिथे शब्दाच्या सुरुवातीचा ‘भ’ खालच्या सुरातल्या ‘प’सारखा उच्चारतात, म्हणून आपल्याला ‘पाजी’ ऐकू येतं. आता मराठीत ‘पाजी’ म्हणजे लबाड, आणि ‘भाजी’ लिहावं तर मेथीची जुडी डोळ्यांपुढे येते! मला तर त्यातली माया जपायची आहे.

दुसरं, ‘पाजी’सोबत “द्या” बरोबर वाटतं की “दे”? मराठीत आदर क्रियापदातूनही कळतो, म्हणून मी “द्या” ठेवलंय. पण रोजची दोस्ती असेल तर “पाजी, दे ना” असंही तुमच्याकडे म्हणतात का? आणि त्यांच्या तोंडचं “देतो जी” वाचताना विदर्भातल्या “हो जी”सारखं तर वाटत नाही ना? नांदेडकरांनी जरूर सांगा.