बेशातील सदनिका: नळाची वेळ, बोअर आणि टँकर

प्रश्न : नागपूरजवळच्या बेशाला ४० सदनिकांच्या इमारतीत घर पाहिले. नळ सकाळी तासभर येतो, बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर मागवतात. शहरातली तशीच सदनिका सहा लाखांनी महाग आहे. पाण्यासाठी एवढे जास्त द्यावेत का?

निवृत्त पाणीपुरवठा अभियंता : नळ किती वेळ येतो, यापेक्षा त्या तासात किती पाणी टाकीत उतरते हे पाहा. माणशी १३५ लिटर आणि घरटी चार माणसे धरली, तर इमारतीला दिवसाला २१,६०० लिटर लागते. पुरवठा सुरू होण्याआधी आणि बंद झाल्यावर मीटरचे आकडे स्वतः टिपा. फरक तीन-चार हजार लिटर असेल, तर उरलेला सगळा भार बोअरवर आहे असे समजा. आपल्या पश्चिम-दक्षिण भागात खाली काळा बेसाल्ट आहे आणि पाणी त्याच्या भेगांतूनच मिळते, म्हणून शेजारच्या प्लॉटला भरपूर पाणी असले तरी आपल्याला असेलच असे नाही. मे महिन्यात मोटर तीन तास चालवून २० लिटरची बादली भरून पाहा. सुरुवातीला ३० सेकंदांत भरणारी बादली नंतर ७२ सेकंद घेऊ लागली, तर ताशी २,४०० लिटरचे १,००० झाले.

मनीषनगरचा रहिवासी : एवढी भीती कशाला? समजा, रोज पाच हजार लिटरचे तीन टँकर, ७०० रुपयांप्रमाणे, ६० दिवस. एकूण १,२६,००० रुपये, म्हणजे घरटी वर्षाला ३,१५० रुपये. सहा लाखांचे नुसते व्याजच याच्या कितीतरी पट होते.

निवृत्त अभियंता : हिशेब बरोबर आहे, पण टँकर मागितला की येतोच, हे त्यात गृहीत धरले आहे. खासगी टँकर पुष्कळदा त्याच परिसरातल्या विहिरी-बोअरवर भरतात. सगळ्यांचे बोअर एकाच आठवड्यात उतरतात आणि त्याच आठवड्यात सगळे टँकर मागतात. म्हणून जमिनीखालची टाकी किमान दोन दिवसांची, म्हणजे सुमारे ४३,००० लिटरची आहे का, ते विचारा. बिल्डरने गच्चीवरच्या टाक्या दाखवल्या, तर त्यांवर समाधान मानू नका.

एक गृहिणी : आमच्याकडे आरओ बसवल्यापासून हा प्रश्नच राहिला नाही. फक्त गीझरमध्ये पांढरा थर साचतो आणि दर वर्षी कॉइल बदलावी लागते.

मनीषनगरचा रहिवासी : ताई, तो पाणी जड असण्याचा प्रश्न झाला, इथे पाणी कमी पडण्याचे बोलणे चालले आहे. टँकरचा मुद्दा मात्र मला पटला. तरी नळाचे पाणी वाढले तर आज स्वस्त घेणाराच फायद्यात राहील, असे मला अजूनही वाटते.

निवृत्त अभियंता : वाढेलही, पण इमारतीची मुख्य जोडणी कोणत्या व्यासाची मंजूर झाली आहे, तो कागद पाहिल्याशिवाय त्या आशेवर मी एक लाखही सोडणार नाही.

प्रश्नकर्ता : बिल्डर याच आठवड्यात टोकन मागतो आहे, आणि मे उजाडायला चार महिने आहेत.