मदत हवी आहे: बाकीच्यांना टोचून याला काय फायदा, हे पाच मिनिटांत कसं सांगू?

शेवंता_बीड: शुक्रवारी अंगणवाडीत लसीकरण आहे, सिस्टर म्हणाल्या तूच बोल पाच मिनिटं. गावात एका पोराला रक्ताचा कॅन्सर आहे, किमो चालूय, त्याला गोवरची लस सध्या देता येत नाही. त्याची आजी विचारते, दुसऱ्यांच्या पोरांना टोचून माझ्या नातवाला काय मिळणार? हर्ड इम्युनिटी म्हटलं की बायका नुसत्या बघत बसतात.

गावाकडचा_बाळू: सोप्पंय की. ९० टक्के लोकांना टोचलं की रोग पसरत नाही, संपलं. धनुर्वाताचं उदाहरण द्या, सगळ्यांना माहितीय.

निवृत्त_आरोग्यसेवक: बाळूभाऊ, धनुर्वात नका घेऊ, तो माणसाकडून लागतच नाही, मातीतून जखमेत जातो. अख्ख्या गावाने इंजेक्शन घेतलं तरी न घेतलेल्याच्या पायात खिळा गेला तर धोका तेवढाच.

ताई, १५ शेंगा न्या. कुणालाच संरक्षण नसेल तर गोवराचं एक पोर साधारण १२ ते १८ जणांना देतं, आपण १५ धरू. आता १४ शेंगांवर रुमाल टाका. उघडी एकच राहिली, म्हणजे एकाकडून एकालाच, गावात याहून थोडी जास्त पोरं झाकली की पुढं जायला कुणी सापडत नाही नि साखळी तुटते. ती उघडी शेंग म्हणजे आजीचा नातू. १५ त १४ म्हणजे ९३ टक्के, म्हणून सरकार ९५ म्हणतं.

९० का पुरत नाही तर नवव्या महिन्याचा डोस १०० पैकी साधारण ८५ जणांनाच लागू पडतो, म्हणजे ९० पोरांना एकच डोस दिला तर खरी झाकलेली ७६-७७च. म्हणून दीड वर्षाच्या आसपासचा दुसरा डोस.

पिंट्याची_आई: आमच्या पिंट्याला पहिल्या डोसनंतर ताप आला म्हणून दुसरा घेतलाच नाही, साडेचार वर्षांचा आहे, आता उशीर झाला का?

निवृत्त_आरोग्यसेवक: साध्या तापासाठी थांबायचं नसतं. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देतात, कार्ड घेऊन लगेच जा.

शेवंता_बीड: शेंगांचं झकास! पण काका, आमच्या रजिस्टरवर ९६ टक्के आहे नि राहिलेली सगळी पोरं एकाच वस्तीची, आईबाप कोयत्यावर जातात, डोसच्या वेळी पोरं कारखान्यावर.

निवृत्त_आरोग्यसेवक: तिथंच घोळ होतो. उघड्या शेंगा पसरून ठेवल्या तर गोवराला शोधाव्या लागतात, एका कोपऱ्यात ठेवल्या तर त्याला जेवणाचं ताटच. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा नऊ महिन्यांखालची, लशीचं वयच न झालेली बाळंही आजारी पडली. टोळीची यादी वेगळी काढून सिस्टरकडे द्या.

गावाकडचा_बाळू: ते धनुर्वाताचं माहीत नव्हतं राव. पण त्या पोराचं नाव सभेत घेऊ नका, उगाच चर्चा होते.

शेवंता_बीड: नाव नाही घेणार. पण आज शेंगा मांडून दाखवल्यावर आजी म्हणाली, टोळ्या उन्हाळ्यात परत येतील, तोवर पोराला शाळेत धाडू का नको? याला काय सांगू?

निवृत्त_आरोग्यसेवक: ते किमोवाल्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा. गावात कुणाला ताप-पुरळ दिसलं तर मात्र त्याच दिवशी त्यांना फोन करायचा.