हेरॉन, इग्रेट आणि स्टॉर्क : मराठीत तिघे की दोघेच?

मृण्मयी
पाणथळीतल्या पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे, त्याच्या चित्रओळी मी इंग्रजीतून मराठीत आणते आहे. एका ओळीत हेरॉन, इग्रेट आणि स्टॉर्क एकाच पाण्यावर उतरल्याचं लिहिलंय. मी ‘बगळे आणि करकोचे’ असं केलं. ते परत आलं, शेरा असा की तिघांचे दोघे कसे झाले?

दुसरी अडचण एका फोटोची. पांढरा पक्षी उडतोय, मान पुढे ताणलेली. मूळ ओळीत इग्रेट आहे, म्हणून मी बगळा लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून करकोचा केलं, कारण बगळा मान दुमडून उडतो. लहानपणापासून मीही तेच ऐकत आले आहे. मग इग्रेटला वेगळा मराठी शब्द आहे का? आणि हा पक्षी नक्की कोण?

शशांक_आ
तपासणाऱ्या बाईंचं बरोबर आहे. मान दुमडलेली तो बगळा, सरळ तो करकोचा. याला अपवाद नाही. आणि इग्रेट म्हणजे पांढरा बगळा, हेरॉन म्हणजे रंगीत बगळा. संपलं.

वासंती देव
मी शाळेत असताना आमच्या बाईंनी ‘बकध्यान’चा अर्थ सांगितला होता, एका पायावर उभं राहून डोळे मिटून जप करणारा बगळा. मला तेव्हापासून प्रश्न पडलाय, तो ढोंगी का ठरला? एका पायावर तर करकोचेही उभे राहतात. मृण्मयी, तुझ्या ओळीत ‘बक’ हा शब्द घालता येईल का?

नाना पाणथळे
शशांक, अपवाद आहे आणि तो नेमका या फोटोत असावा. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो, त्यामुळे मानेला तिथे कोन पडतो आणि ती इंग्रजी एससारखी दुमडली जाते. पण हे सगळं उड्डाण स्थिर झाल्यावर. जमिनीवरून उठताना पहिले काही क्षण, आणि उतरतानाही, बगळा मान पुढे काढतो. तेवढ्यात कॅमेरा चालला की फोटोत करकोचा दिसतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. करकोचा उभा असताना मान खांद्यांत ओढून तासन्‌तास बसतो. म्हणून बसलेल्या पक्ष्याच्या मानेवरून मी कधीच निकाल देत नाही. मृण्मयीताई, पाय, चोच आणि डोळ्याचा भाग जवळून कसा दिसतो ते सांगाल का? आणि त्याच वेळचा पुढचा फोटो आहे का?

मृण्मयी
नाना, मूळ फाइल मागवून घेतली. चोच पिवळी, सरळ, सुरीच्या पात्यासारखी निमुळती. पाय काळे, बोटंसुद्धा काळीच. अंग सगळं पांढरं, पंखांवर काळं काही नाही. आणि चोचीच्या फटीची रेघ डोळ्याखालून मागे गेलेली दिसते. पुढच्या फोटोत, म्हणजे सेकंदभराने, मान दुमडलेली आहे!

नाना पाणथळे
मग तो मोठा बगळा. दुमडलेली मान आहेच, पण ती नसती तरी मी तेच म्हटलं असतं. तुम्ही सांगितलेली रेघ सगळ्यात भरवशाची. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. चोचीच्या रंगावर मात्र विसंबू नका, विणीच्या दिवसांत हीच पिवळी चोच काळी होते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे, जणू मोजे घातलेत. पण चिखलात उभा असला की मोजे गायब.

करकोचा असता तर चोच मुळाशीच दांडगी दिसली असती. रंगीत करकोचाची चोच टोकाला खाली वळलेली असते. मुग्धबलाकाची मधोमध उघडी राहते, पिल्लांत मात्र ती फट नसते. आणि या दोघांच्याही पंखांत काळी पिसं असतात.

शशांक_आ
उठतानाचं मला माहीत नव्हतं, चूक मान्य. पण रंगीत-पांढरं हे तरी खरं ना?

नाना पाणथळे
अर्धं. इग्रेट नावाचा वेगळा गटच नाही, सगळे एकाच कुळातले बगळे. मोठा बगळा ज्या वंशात येतो, त्याच वंशात राखी बगळा आणि जांभळा बगळाही आहेत. म्हणजे आपला राखी बगळा मोठ्या बगळ्याच्या जवळचा, आणि लहान बगळा त्यापेक्षा दूरचा. शिवाय समुद्रकाठचा एक बगळा राखी आणि पांढरा अशा दोन्ही रूपांत मिळतो, त्याला इंग्रजीत कोणी हेरॉन म्हणतं, कोणी इग्रेट. इग्रेट हा शब्दही मुळात जुन्या फ्रेंचमधला, हेरॉनशीच नातं सांगणारा. तिथे इंग्रजीचीच ओळ ढिली आहे. मराठीत दोघांना बगळा म्हणण्यात काही चुकत नाही.

केतकर_शब्दशोध
ढिली असली तरी अनुवादकाला शब्द हवाच. माझी सूचना: हेरॉनला बक, इग्रेटला बगळा, स्टॉर्कला बलाक. चित्रबलाक, मुग्धबलाक हे शब्द छापले जातातच. करकोचा हा शब्द टाकून द्यावा. हिंदीत कांड्या करकोचा या क्रौंचाला करकरा म्हणतात, म्हणजे ‘करकर’ आवाजावरून आलेलं क्रौंचाचं नाव आपण स्टॉर्कच्या माथी मारलंय. स्टॉर्कला तर धड आवाजच नाही.

वासंती देव
पण करकोचे चोच वाजवतात ना? कट-कट-कट असं. मग ‘करकर’ तिथूनही आलं असेल!

केतकर_शब्दशोध
वासंतीताई, चोचीच्या कटकटीचं ‘करकर’ कसं होईल?

भाऊ_खोत
बलाक हा शब्द शुद्ध म्हणून सुचवता, पण संस्कृत काव्यात बलाका कुठे आहेत बघा. पावसाळी ढगांबरोबर रांगेने उडणारी पांढरी माळ. ती बगळ्यांची! आपण अजूनही ‘बगळ्यांची माळ’च म्हणतो. मग स्टॉर्कला बलाक म्हणणं ही पुस्तकी गडबड, शुद्धपणा नाही. आमची आजी जाड चोचीच्या प्रत्येक मोठ्या पक्ष्याला ढोक म्हणायची, आणि चाम ढोक हे रंगीत करकोच्याचं नाव पुस्तकांतही आहे. ढोक घ्या.

केतकर_शब्दशोध
मग माळढोक कोण? तो ना बगळा ना करकोचा.

भाऊ_खोत
तेच तर म्हणतोय. शब्द लोकांनी पक्षी बघून ठेवले, कुळं बघून नाही.

रेवा
सगळ्यांना नमस्कार. माझ्याकडे फोटोत एक करकोचा आहे, चोच मधोमध उघडी आहे म्हणून मुग्धबलाक असणार, पण पाय चुन्यासारखे पांढरे! पुस्तकात तर पाय फिके गुलाबी आहेत. वेगळी जात आहे का?

नाना पाणथळे
नाही. उन्हात करकोचे पायांवर विष्ठा सोडतात. ती पातळ असते, वाळताना पाय थंड होतो आणि मागे पांढरा थर राहतो. थर सहसा एकसारखा नसतो, कडेला किंवा बोटांवर मूळ रंग डोकावतो. फोटो मोठा करून सांध्याजवळ पाहा. करकोच्याच्या पायाचा रंग मी शेवटी बघतो, तो याचमुळे.

रेवा
हो, बोटांवर गुलाबी दिसतंय! धन्यवाद काका.

मृण्मयी
मोठा बगळा असं लिहून पाठवलं, उडतानाचे दोन्ही फोटो जोडले. बाईंनी मान्य केलं. तिघांची ती ओळ मात्र अजून तशीच आहे. ‘राखी बगळा, मोठा बगळा आणि रंगीत करकोचा’ असं प्रत्येकाचं पूर्ण नाव देऊन टाकू का? फोटोत तेच तिघे आहेत.

केतकर_शब्दशोध
ही पळवाट झाली. पुढच्या फोटोत नुसतं ‘हेरॉन्स’ आलं तर काय कराल?

भाऊ_खोत
बगळे लिहील. आणि जर ते तपकिरी पाठीचे, भातखाचरात बसणारे असतील तर ढोकरी.

वासंती देव
ढोकरी म्हणजे वंचक ना? आमच्याकडे त्याला वंचक म्हणत, बसलेला दिसतच नाही, उडाला की एकदम पांढरा होतो म्हणून.

भाऊ_खोत
वंचक पुस्तकातला, ढोकरी खाचरातली.