'करारात असं काही नाही' म्हणण्याआधी कोणती पानं वाचली ते सांगायला हवं की नको?

मृण्मयी (कोथरूड)
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा म्हणजे २८६ पानांची पीडीएफ आहे. मी ती एका एआय साधनाला दिली आणि विचारलं, बिल्डरला आमचे फ्लॅट गहाण टाकता येतील का? उत्तर आलं, 'करारात अशी तरतूद नाही.' काल शेजारच्या काकांना २३१व्या पानावर ती तरतूद सापडली. अशा साधनाने नेमकी कोणती पानं वाचली ते उत्तरासोबत सांगितलंच पाहिजे, असं मला वाटतं. घरचे म्हणतात, हा अतिरेक आहे. तुमचं मत काय?

श्रीनिवास
अतिरेकच आहे. तीस वर्षं ऑडिट केलंय. आम्हीही प्रत्येक व्हाउचर बघत नाही, निवडक बघतो आणि त्यावरून मत देतो. ग्राहकाला हवं असतं बरोबर उत्तर, पानांची जंत्री नको असते. उलट मला भीती वेगळीच आहे. एकदा ही यादी द्यायची पद्धत पडली की ती उत्तराच्या तळाशी बारीक अक्षरात जाईल. उद्या नुकसान झालं की कंपनी म्हणेल, 'आम्ही सांगितलं होतं, अमुक पानाच्या पुढे वाचलेलं नाही, बघायचं तुम्ही.' म्हणजे चूक त्यांची आणि जबाबदारी मृण्मयीची. त्यापेक्षा पूर्ण वाचता येत नसेल तर उत्तर देऊच नये, असा नियम करा.

अदिती (बाणेर)
कायदेशीर कागदपत्रं वाचणारी सॉफ्टवेअर्स बनवणं हेच माझं काम आहे. मृण्मयीने फाइल पाठवली म्हणून मी ती उघडून पाहिली. तिचं साधन लांब फाइल सुरुवातीपासून घेतं आणि मर्यादा भरली की उरलेलं सोडून देतं. तिच्या फाइलची १४८ पानं आत गेली, पुढची १३८ पोचलीच नाहीत. परिशिष्टं २१५व्या पानापासून सुरू होतात आणि गहाणाची तरतूद त्यांच्यातच आहे. म्हणजे साधनाने ते पान चुकीचं वाचलं असं नाही, त्याच्यासमोर ते आलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. आत गेलेल्या १४८ पानांतही ६१ ते ७९ ही एकोणीस पानं स्कॅन केलेली आहेत. जुनं खरेदीखत आहे, हाताने लिहिलेलं. तिथे मजकूर नाही, नुसतं चित्र आहे. हे साधन फक्त मजकूर उचलतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती पानं कोरी. प्रत्यक्षात वाचली गेली ती १२९ पानं. हे कोणालाही घरी तपासता येतं:

```
for p in $(seq 1 286); do
  echo "$p $(pdftotext -f $p -l $p karar.pdf - | wc -m)"
done
```

प्रत्येक पानासमोर अक्षरांची संख्या येते. भरलेल्या पानाला हजारात येते, स्कॅन केलेल्या पानाला १. तो १ सुद्धा अक्षर नसतो, पान संपल्याची खूण असते.

श्रीनिवासकाका, 'पूर्ण वाचता येत नसेल तर उत्तर देऊ नये' हे ऐकायला चांगलं वाटतं. पण मग भाडं किती मिळणार हेही कळणार नाही, आणि ते तर ३४व्या पानावर होतं, साधनाने बरोबर सांगितलंही होतं. सापडलेल्या गोष्टीला किती पानं वाचली याने फारसा फरक पडत नाही. 'नाही' म्हणताना मात्र सगळा फरक पडतो. तिथे उत्तर असं हवं होतं: 'पान १ ते ६० आणि ८० ते १४८ यांत गहाणाची तरतूद आढळली नाही. ६१ ते ७९ वर मजकूर मिळाला नाही. १४९ ते २८६ वाचलेली नाहीत, त्यात परिशिष्टं आहेत.' आणि हे तळाशी नको, त्या 'नाही'ला चिकटूनच हवं.

दत्तात्रय
मी वकिलांसाठी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयांतून मिळकतींचा शोध घेतो. तीस वर्षांचा शोध म्हटलं की सूची क्रमांक दोनची पुस्तकं वर्षावर्षाने बघायची आणि अहवालात प्रत्येक वर्षासमोर लिहायचं. नोंद सापडली तर दस्त क्रमांक लिहायचा. पुस्तक पाहिलं आणि काही सापडलं नाही, तर 'नोंद नाही'. पुस्तक फाटलंय किंवा बाइंडिंगला गेलंय, तर 'पाने फाटलेली, पाहता आली नाहीत'. या दोन शेऱ्यांत गल्लत केली तर वकील पुन्हा काम देत नाहीत. मी शिकत होतो तेव्हा एकदा फाटक्या पुस्तकाच्या वर्षासमोर 'नोंद नाही' लिहून आलो होतो. आमच्या साहेबांनी बॉलपेनने ते खोडलं आणि मला परत पाठवलं. म्हणाले, 'तू पाहिलं नाहीस ते नाही कसं?'

श्रीनिवासजी, तुम्ही निवडक व्हाउचर बघता, मान्य. पण एखाद्या शाखेची वह्या-पुस्तकं मिळालीच नाहीत तर रिपोर्टमध्ये लिहिता की नाही?

श्रीनिवास
लिहितो. लिहावंच लागतं, आणि बाब मोठी असेल तर मत द्यायला नकारही द्यावा लागतो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण माझा रिपोर्ट वाचणाऱ्याला त्या वाक्याचा अर्थ कळतो. सोसायटीतल्या पंच्याहत्तरीच्या आजींना '१४९ ते २८६ वाचलेली नाहीत' याचं काय करायचं, हे कोण सांगणार? माझा आक्षेप तसाच उभा आहे.

सुनंदा
माझ्याबाबतीत अगदी हेच झालं. आईच्या आरोग्य विम्याची पॉलिसी चौसष्ट पानांची. एजंट म्हणाला, सगळं वाचलंय, काळजी नको. मोतीबिंदूला दोन वर्षांची प्रतीक्षा आहे हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं. म्हणून मी म्हणते, आपले कागद आपणच शेवटपर्यंत वाचावेत, सही करायच्या आधी.

अदिती
सुनंदाताई, एजंटाने खोटं सांगितलं की त्यालाच माहीत नव्हतं, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. मृण्मयीचा प्रश्न त्याबद्दलच आहे, आपण वाचावं की नाही याबद्दल नाही. आपण तर वाचावंच.

ओंकार (सीओईपी)
एवढं कशाला? साधनालाच विचारायचं ना, कोणती पानं वाचलीस. मी माझ्या प्रोजेक्टच्या लांब रिपोर्टवर विचारलं, ते म्हणालं, 'मी संपूर्ण दस्तऐवज वाचला आहे.' म्हणजे ही सोय आहेच.

अदिती
ओंकार, नेमकी हीच पळवाट मला धोकादायक वाटते. फाइल कापली जाते ती उत्तर तयार करणाऱ्या मॉडेलपर्यंत पोचायच्या आधी. बाहेरचा प्रोग्राम कापतो, आणि त्याने तशी खूण ठेवली नाही तर आत बसलेल्या मॉडेलला पुढे काही होतं हेच कळत नाही. त्याच्या हातात आलं तेच त्याच्यासाठी संपूर्ण. ते खोटं बोलत नाही, त्याला मोजायला मार्गच नाही. त्यामुळे पानांची यादी मॉडेलने गप्पांत सांगितलेली नको, ज्या प्रोग्रामने पानं मोजून आत पाठवली त्याने छापलेली हवी.

तुझ्या रिपोर्टवर एक करून बघ. मधल्या आणि शेवटच्या काही पानांची पहिली ओळ जशीच्या तशी मागव आणि स्वतः पान उघडून ताडून बघ. मृण्मयीच्या फाइलवर मी २३१व्या पानाची पहिली ओळ मागितली. साधनाने एक छान वकिली वाक्य दिलं, जे अख्ख्या फाइलमध्ये कुठेच नाही. पानाचा आकडा देताना पीडीएफचा क्रम दे, छापलेला नको. परिशिष्टांना पुन्हा १ पासून आकडे आहेत, २३१व्या पानावर छापलंय १७.

रोहन
मी याच क्षेत्रात आहे आणि मला अदितीचं म्हणणं अर्धंच पटतं. सगळी साधनं अशी सुरुवातीपासून वाचत नाहीत. बरीच साधनं आधी अख्खी फाइल छोट्या तुकड्यांत तोडतात, सगळ्या तुकड्यांची अनुक्रमणिका करतात आणि प्रश्नाशी जुळणारे आठ-दहा तुकडेच मॉडेलसमोर ठेवतात. तिथे काय लिहाल? 'सगळी पानं वाचली' म्हणालात तर ते खोटं. '१२, ३४, ९० वाचली' म्हणालात तर वाचणारा घाबरेल, आणि शोध तर पूर्ण फाइलमध्ये झाला होता. शिवाय मराठी कागदांत आणखी एक गंमत नाही, संकट आहे. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर अक्षरांची संख्या भरघोस येते आणि हाती लागतो इंग्रजी चिन्हांचा चिवडा. तुमच्या मोजणीत ते पान 'वाचलं' म्हणून खपेल. चुकीची यादी ही यादी नसण्याहून वाईट.

अदिती
फॉन्टचं खरं आहे, माझी मोजणी तिथे फसते. त्यासाठी पानावर देवनागरी अक्षरं किती हे वेगळं मोजावं लागतं, आणि मराठी पानावर ती शून्य आली तर 'वाचता आलं नाही' म्हणावं लागतं. तुकड्यांच्या बाबतीत मी दोन ओळी लिहीन: 'शोध घेतला: पान १ ते २८६. प्रत्यक्ष वाचली: १२, ३४, ९०.' करारात 'गहाण' हा शब्द न वापरता 'सदनिकांवर वित्तीय संस्थेचा बोजा निर्माण करण्याचा अधिकार' असं लिहिलंय. जुळवणी चुकली तर तो तुकडा वर येणारच नाही, आणि दुसरी ओळ असली तरच ते कळेल.

रोहन
आणि पोचलेलं पान मॉडेलने नीट विचारात घेतलं की नाही? लांब मजकुराच्या मधलं त्यांच्या नजरेतून निसटतं, हे आपण दोघेही रोज बघतो. ते तुमच्या कोणत्याच ओळीत येत नाही.

अदिती
नाही येत. पोचलं एवढंच मला मोजता येतं. लक्ष दिलं की नाही याचं माप माझ्याकडे नाही, आणि म्हणून 'वाचली' या शब्दाऐवजी 'समोर ठेवली' लिहावं का, यावर आमच्या टीममध्येही अजून एकमत नाही.

मृण्मयी
अदितीताईंची मोजणी मी रविवारी चालवली. ६१ ते ७९ समोर १, बाकी ठीक. आता फाइलचे तीन भाग केले आणि प्रत्येक भागाला तोच प्रश्न विचारला, 'गहाण, बोजा, तारण किंवा कर्ज' असे शब्द घालून. तिसऱ्या भागात २३१ सापडलं, आणि २४४ वर त्याच अर्थाचं आणखी एक कलम, जे काकांनाही दिसलं नव्हतं. सभेसाठी कागद केलाय, कोणत्या पानावर काय आढळलं आणि कोणती पानं कोणीच वाचलेली नाहीत. श्रीनिवासकाकांचं ऐकून '६१ ते ७९ वाचलेली नाहीत' याच्यासमोर 'सही करण्याआधी वकिलांकडून वाचून घेणे' असंही लिहिलं. सचिव म्हणतात, एकोणीस पानांचं हस्ताक्षर आता कोणाला लागतंय.

दत्तात्रय
मला लागतं. शनिवारी दुपारी आणा, छापून आणा, मोबाइलवर नको. तुम्ही इथे टाकलेल्या फोटोत ६६व्या पानाची उजवी कड झेरॉक्समध्ये कापली गेलीय असं दिसतंय. मूळ प्रत मिळाली नाही तर त्या ओळी मलाही वाचता येणार नाहीत, आणि तसं मी लिहून देईन.