शुल्क कापलं, अर्ज अडकला: मेल कसा लिहावा

> “खात्यातून पैसे गेले, पोर्टलवर अजून Payment Pending. हेल्पडेस्क म्हणतंय ‘पुन्हा प्रयत्न करा’. मेलमध्ये लिहू तरी काय?”

भावा, आधी एक सांगतो, दुसऱ्यांदा पैसे भरू नकोस. दोन व्यवहार झाले की गुंता वाढतो.

अर्ज क्रमांक पोर्टलचा असतो, पण पैसे शोधायला बँकेचा व्यवहार क्रमांक, म्हणजे UTR, लागतो. यूपीआयने भरले असतील तर ॲपमध्ये तो व्यवहार उघड. १२ अंकी UTR दिसेल. बहुतेक जण नेमका तोच द्यायचा विसरतात आणि मग हेल्पडेस्क ठरावीक उत्तर चिकटवून मोकळं होतं.

राजारामपुरीतल्या एका पोराला मी असा मजकूर करून दिला होता:

“१२ जून रोजी सायं. ७:४२ वाजता नोंदणी शुल्काचे ५०० रुपये खात्यातून वजा झाले. अर्ज क्रमांक ___, UTR ___. आज १४ जून, सकाळी १० वाजताही स्थिती Payment Pending आहे. रक्कम परत आलेली नाही. कृपया व्यवहार तपासून स्थिती अद्ययावत करावी.”

विषयाच्या ओळीतही अर्ज क्रमांक टाक. ‘अर्जंट!!!’ लिहून काही होत नाही.

स्क्रीनशॉट दोनच पुरे: पोर्टलचं पान आणि बँकेची नोंद. पोर्टलचा कापू नकोस, वरचा पत्ता आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसू दे. आधार क्रमांक मात्र झाक, आणि ओटीपी कुणी मागितला तरी द्यायचा नाही.

हेल्पडेस्ककडून तक्रारीचा तिकीट क्रमांक आला की पुढचं सगळं त्याच मेलला उत्तर म्हणून पाठव. नवा मेल टाकलास तर नवं तिकीट तयार होऊ शकतं.