पुरवठादारांचं पत्र वेगळं काढा

"दुसरी शोरूम उघडतोय. जुन्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना एकच पत्र पाठवलं तर चालेल का?"

नाही चालणार. ग्राहकाला एवढंच हवं असतं: आधी दिलेल्या ऑर्डरचा माल कुठे मिळेल आणि बदलून कुठे मिळेल. जुनं बिल नव्या काउंटरवर दिसत नसेल, तर 'दोन्हीकडे बदलून मिळेल' असं लिहूच नका.

खरी गडबड पुरवठादाराकडे होते. त्याच्या नोंदीत तुमचा एकच पत्ता असतो, त्यामुळे नव्या शोरूमचा माल सवयीने जुन्याच दारात उतरतो. म्हणून बिलाचा पत्ता आणि माल उतरवायचा पत्ता वेगवेगळे द्या. नव्या जागी माल कधी घेणार, सही कोण करणार, तेही कळवा. समजा ४० नग हवेत, २५ जुन्या आणि १५ नव्या शोरूमला. अशा वेळी दोन ऑर्डर काढा, प्रत्येकीवर शोरूमचा कोड टाका, आणि तोच कोड डिलिव्हरी चलनावर हवा असं पत्रातच सांगा. ४० नग एकाच चलनावर आले आणि दोन कमी निघाले, तर ते कुठल्या शोरूमचे यावरून पेमेंट अडकतं.

उधारीची मर्यादा दोन्ही शोरूम मिळून एकच की वाढवून हवी, हे मात्र पत्र पाठवण्याआधी फोनवर बोलून घ्या.